नेट चालू, बिल बंद

कराडच्या बाजारातल्या एका पाइप-फिटिंगच्या दुकानापुढे सकाळी टेम्पो भरून उभा होता आणि बिल काही निघत नव्हते. माल पाठवताना जीएसटी बिलाच्या तीन प्रती कराव्या लागतात. एक गिऱ्हाइकाची, एक वाहतूकदाराची, एक दुकानाची. कागद हातात पडल्याशिवाय मालक टेम्पो सोडायला तयार नव्हते. काउंटरवर बसलेल्या सूनबाईंनी प्रिंटची कळ दाबली, मग पुन्हा दाबली. पडद्यावर प्रिंटरच्या नावापुढे एकच शब्द दिसत होता: Offline.

प्रिंटर आतल्या खोलीत होता. काउंटरचा आणि हिशेबाचा असे दोन्ही कॉम्प्युटर त्याच एका लेझर प्रिंटरवर छापत. तो केबलने राउटरला जोडलेला होता. आदल्या संध्याकाळी इंटरनेट कंपनीचा मुलगा येऊन जुना राउटर काढून नवा बसवून गेला होता. जाताना त्याने मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवला होता. नेट आधीपेक्षा वेगाने चालत होते. त्यामुळे दोष प्रिंटरचाच असणार, असे सगळ्यांनी धरून चालले. मालकांच्या पुतण्याने केबल बदलली, प्रिंटर दोनदा बंद-चालू केला, ड्रायव्हर काढून नव्याने टाकला. काहीच फरक पडला नाही.

या बिघाडात माणूस चकतो ते इथेच. नेट चालते याचा अर्थ कॉम्प्युटर आणि राउटर एकमेकांशी बोलतात, एवढाच. कॉम्प्युटर आणि प्रिंटर बोलतात की नाही, ते त्यावरून कळत नाही.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या ताईंना बोलावले. त्या आल्या आणि कॉम्प्युटरला हात न लावता थेट प्रिंटरपाशी गेल्या. त्याच्या छोट्या पडद्यावरच्या मेनूतून त्यांनी नेटवर्क सेटिंगचा कागद छापला. हा कागद प्रिंटर स्वतःच छापतो, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. कागद स्वच्छ निघाला.

“काका, प्रिंटर ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. त्या कागदावर प्रिंटरचा पत्ता होता 192.168.1.50. मग त्यांनी काउंटरच्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून `ipconfig` टाइप केले.

```
IPv4 Address. . . . . . . . . . . : 192.168.0.103
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.255.0
Default Gateway . . . . . . . . . : 192.168.0.1
```

पत्त्यातला तिसरा आकडा पाहा. प्रिंटरच्या पत्त्यात तिथे 1 आहे, कॉम्प्युटरच्या पत्त्यात 0. सगळा घोळ त्या एका आकड्यात होता.

घरातल्या आणि दुकानातल्या नेटवर्कसाठी काही पत्ते 1994 पासून राखून ठेवलेले आहेत. 192.168 ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते कोणीही आपल्या चार भिंतींच्या आत वापरावेत, म्हणून राउटर बनवणारे त्यातला हवा तो गट निवडतात. कोणाचा राउटर 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते वाटतो, कोणाचा 192.168.0 ने. जुना पहिल्या प्रकारचा होता, नवा दुसऱ्या. कॉम्प्युटर चालू झाला की राउटरकडे पत्ता मागतो, त्यामुळे त्याला आपोआप नवा मिळाला. प्रिंटरचा पत्ता मात्र बसवणाऱ्याने कधीकाळी हाताने घालून पक्का केला होता. तसे करण्यात चूक नव्हती. प्रिंटरचा पत्ता रोज बदलला तर कॉम्प्युटरला तो सापडणार नाही. पण राउटर बदलला हे त्या प्रिंटरला कळायला काही मार्गच नव्हता.

255.255.255.0 ही ओळ म्हणजे सबनेट मास्क. पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळले तर समोरचा आपल्याच वाड्यातला, थेट त्याच्या दारात जा. नाही जुळले तर निरोप फाटकावरच्या माणसाकडे दे, असे हा मास्क कॉम्प्युटरला सांगतो. फाटकावरचा माणूस म्हणजे राउटर. कॉम्प्युटरने 192.168.1.50 वाचले, तीन आकडे जुळले नाहीत, म्हणून बिल राउटरकडे दिले. राउटरच्या लेखी तो पत्ता दुकानाबाहेरचा, म्हणून त्याने ते बाहेरच्या तारेवर शोधले. तिथे कोणीच नव्हते. प्रिंटर आत, दहा फुटांवर, त्याच राउटरला जोडलेला होता आणि त्याच्या केबलपाशी हिरवा दिवाही लुकलुकत होता. `ping 192.168.1.50` केल्यावर उत्तर आले नाही, तेव्हा ताईंची खात्री पटली.

“मग राउटरलाच जुना आकडा द्या की,” पुतण्या म्हणाला. सूचना चांगली होती. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा आतला पत्ता 192.168.1.1 केला, तर प्रिंटरला हात लावावा लागत नाही आणि दोन्ही कॉम्प्युटर बंद-चालू केले की काम होते. बहुतेक दुकानांत मीही हाच उपाय आधी सुचवेन. पण ताईंनी ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून पाहिले आणि लॉगिनचे पान उघडले. ते राउटरचे नव्हते. भिंतीवर फायबरची तार जिथे येते, त्या कंपनीच्या डबीचे होते. म्हणजे बाहेरच्या बाजूला तो गट आधीच वापरात होता. राउटरच्या आत आणि बाहेर एकच गट ठेवला, तर कोणता पत्ता कोणत्या बाजूला ते त्याला ठरवता येत नाही आणि चाललेले नेटही बंद पडते.

म्हणून प्रिंटर बदलायचा ठरला. त्याच्या मेनूत पत्ता हाताने घालण्याऐवजी राउटरकडून घेण्याची, म्हणजे DHCP ची, निवड केली. तो पुन्हा चालू झाल्यावर त्याला राउटरने एक पत्ता दिला. पण तेवढ्यावर थांबले, तर हा पत्ता पुढे कधीतरी बदलू शकतो. छापलेल्या कागदावर प्रिंटरचा MAC क्रमांक होता. कारखान्यातून येणारा हा क्रमांक राउटर बदलला तरी तोच राहतो. ताईंनी राउटरमध्ये तो नोंदवून त्याच्यासाठी 192.168.0.150 राखून ठेवला आणि प्रिंटर पुन्हा एकदा बंद-चालू केला. आता पत्ता राउटर देणार, पण नेहमी तोच देणार.

एवढे होऊनही Offline गेले नाही आणि पुतण्याचा धीर सुटत चालला. कारण विंडोजने जुना पत्ता प्रिंटरच्या ‘पोर्ट’मध्ये लिहून ठेवलेला असतो आणि तो आपणहून बदलत नाही. ड्रायव्हर ठीक होता, त्याला हात लावायची गरज नव्हती. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये Ports, तिथे Add Port, त्यात Standard TCP/IP Port आणि नवा पत्ता, इतकेच करायचे होते.

नवा पत्ता घालण्याआधी ताईंनी रांग उघडली. सकाळपासून दाबलेल्या प्रत्येक कळीची एक प्रत तिथे अडकून होती, एकेक बिल चार-पाच वेळा.

“सूनबाई, हे आधी सगळं काढा. नाहीतर वाट मोकळी झाली की एकाच नंबरची बिलं भराभर बाहेर येतील, आणि त्यातलं एखादं चुकून दुसऱ्या टेम्पोबरोबर जाईल.”

रांग रिकामी झाली, पोर्ट बदलला आणि टेम्पोचे बिल तीन प्रतींत निघाले. मालकांनी वाहतूकदाराची प्रत ड्रायव्हरच्या हातात दिली, तेवढ्यात हिशेबाच्या खोलीतून आवाज आला, “बाबा, इथं अजून ऑफलाइनच दाखवतोय!” त्या कॉम्प्युटरच्या पोर्टमध्येही जुनाच पत्ता होता. ताई उठून तिकडे गेल्या.