झोपण्यापूर्वीचा शेवटचा थर

रात्री चेहरा धुवायचा, क्रीम लावायचं आणि सगळ्यात शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन झोपायचं, या पद्धतीला स्लगिंग म्हणतात. कोरियन सौंदर्यप्रसाधनांच्या चाहत्यांमधून ती जगभर गेली आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे आपल्याकडेही आली. जेली मात्र दीडशे वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या पंपांवर एक मेणचट थर साचत असे आणि तिथले कामगार तो कापल्या-भाजल्यावर लावत. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध करून १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज औषधाच्या दुकानात मिळते ती पांढरी जेली त्याचंच अधिक शुद्ध रूप.

ही जेली त्वचेला पाणी देत नाही, जीवनसत्त्वंही देत नाही. ती फक्त झाकणाचं काम करते. घाम येत नसतानाही त्वचेतून सतत थोडं थोडं पाणी हवेत उडून जात असतं. सर्वांत वरच्या थरातल्या पेशींमध्ये जो स्निग्ध पदार्थ असतो तो ही गळती आवरून धरतो. कडक साबण, कोरडी हवा, इसब किंवा वाढतं वय यांमुळे हा पदार्थ कमी पडला की त्वचा ताणल्यासारखी वाटते, सोलते, साधं पाणी लागलं तरी चुरचुरते. अशा वेळी जेली ही गळती जवळजवळ थांबवते. या कामात नेहमीच्या वापरातलं कुठलंही तेल तिच्या जवळपास पोहोचत नाही. शिवाय ती नुसती वर बसून राहत नाही, वरच्या थरातल्या पेशींच्या फटींतही शिरते, आणि त्वचेची स्वतःची दुरुस्ती तिच्याखाली चालू राहते.

झाकणाखाली काय आहे आणि बाहेरची हवा कशी आहे, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. व्हिडिओंमध्ये नेमकं हेच कुणी सांगत नाही.

हवेचं आधी पाहू. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाडकडे किंवा विदर्भात ओठ फुटतात, गालांवर पांढरट खवले दिसतात. टोरांटो-शिकागोला राहणाऱ्या मराठी घरांत हिवाळाभर हीटर चालू असतो आणि आतली हवा त्याहून कोरडी होते. अशा ठिकाणी कोरड्या त्वचेच्या माणसाला या पद्धतीचा खरा उपयोग होतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवाच ओलसर असते, त्वचेतलं पाणी उडण्याचा वेग आधीच कमी असतो. तिथे त्याच थराखाली घाम अडकतो आणि घामोळं उठतं. माझ्या मते किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी संपूर्ण चेहऱ्याला जेली लावण्याच्या भानगडीत पडू नये. ओठ, टाचा, हातांचे कोपरे एवढ्यावर ती लावली तरी पुष्कळ. कोकणात भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, फुटलेल्या ओठांना आणि टाचांनाच लावत आले, त्यामागे हाच हिशेब आहे.

आता झाकणाखाली काय असतं ते. इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरं नुकसान इथेच होतं.

समजा, नाशिकची चाळिशीतली एक शिक्षिका आहे. गालांवर वांग आहे म्हणून ती रात्री एक क्रीम लावते. वांगासाठी आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या अनेक क्रीममध्ये तीन औषधं एकत्र असतात: डाग फिका करणारं हायड्रोक्विनोन, त्वचेची साल काढणारं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टिरॉइड. डॉक्टरांनी ती काही आठवड्यांपुरतीच दिलेली असते. पण ट्यूब संपली की दुकानातून नवी येते आणि महिने उलटतात. थंडीत चेहरा सोलायला लागतो. तिला वाटतं कोरडेपणा आला, म्हणून क्रीमवरच जेली लावून ती झोपते. पहिल्या सकाळी चेहरा मऊ लागतो. काही रात्रींनी गाल लाल होतात, भाजल्यासारखी आग होते.

घडलं ते असं. स्टिरॉइड झाकून ठेवलं की ते कित्येक पट अधिक शोषलं जातं; त्वचारोगतज्ज्ञ काही आजारांत मुद्दाम असं करतात, पण हातापायांच्या जाड कातडीवर आणि मोजक्या दिवसांसाठी. चेहऱ्याच्या पातळ त्वचेवर तेच केलं की ती आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, पुरळ येतं. ट्रेटिनॉइनची जळजळही थराखाली वाढू शकते. आणि सोलणं हा तिचा मुळात थंडीचा कोरडेपणा नव्हताच, तो औषधाचा परिणाम होता.

तिने जेली लगेच थांबवावी आणि ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जावं. खूप दिवस लावलेलं स्टिरॉइड मनानेच एकदम बंद केलं तर चेहरा आणखी लाल होऊन उसळतो, म्हणून ते कसं कमी करायचं हे त्यांनीच ठरवायला हवं. मुरुमांचं औषध, आम्ल असलेलं सीरम, रेटिनॉल यांनाही हेच लागू: ज्या रात्री ते लावाल, त्या रात्री जेली नको. गोरं करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या क्रीमवर तर कधीच नको.

तेलकट त्वचा, चालू मुरुमं, भुवयांत आणि नाकाच्या कडेला कोंड्यासारखे खवले, नायटा किंवा पिकलेलं पुरळ असेल तर ही पद्धत सोडून द्यावी. शुद्ध जेली स्वतः छिद्रं बंद करत नाही, हे खरं आहे. पण तिच्याखाली अडकलेला घाम, तेल आणि तुमचं आधीचं क्रीम यांचा त्रास होऊ शकतो. एक-दोन रात्रींतच बारीक, टोचणारं पुरळ आलं तर ते बहुधा घामोळं. कपाळावर सारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुळ्या आल्या तर त्वचेवरचं यीस्ट वाढल्याची शंका घ्यावी. ते मुरुमांच्या औषधाने जात नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. काही आठवड्यांनी न दुखणारे, त्वचेच्या रंगाचे दाणे वाढले तर जेलीला दोष देण्याआधी खालचं क्रीम तपासावं.

ज्यांना मानवते त्यांनी असं करावं. सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन तो जरा ओलसरच ठेवावा. ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं साधं क्रीम लावावं आणि पाच-दहा मिनिटं जाऊ द्यावीत. मग मटारच्या दाण्याएवढी, बिनवासाची पांढरी जेली बोटांवर गरम करून गालांवर हलकेच दाबत पसरावी, चोळू नये. चेहरा किंचित चमकला की पुरे; थर जाड दिला म्हणून फायदा वाढत नाही. डबीत बोटं घालताना हात धुतलेले असावेत. आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरतात, आणि पहिले काही दिवस एकाच गालाच्या कडेला लावून बघावं. जेली नुसत्या पाण्याने जात नाही, तेव्हा सकाळी पुन्हा सौम्य फेसवॉश वापरावा, घासू मात्र नये.

नाक कोरडं पडतं म्हणून नाकपुडीत आतपर्यंत जेली रोज भरू नये. महिनोन् महिने असं केल्यास ती श्वासावाटे फुप्फुसात उतरून तिथे सूज येऊ शकते. आणि उशीचा अभ्रा वरचेवर गरम पाण्याने धुवावा. जेली मुरलेलं कापड ठिणगीने लवकर पेट घेतं आणि ती एका धुण्यात पूर्ण निघतही नाही, म्हणून तो अभ्रा देवघरातल्या समईपासून आणि शेगडीपासून लांब राहील असं बघावं.