विमा-पुस्तिकेचे एक पान

कंपनीच्या गट आरोग्य विम्याची नोंदणी बहुधा वर्षातून एकदाच आणि थोडेच दिवस खुली असते. पुस्तिका मात्र तीस-चाळीस पानांची असते. तिचा गोषवारा काढताना उपचार, प्रतीक्षाकाळ आणि कुटुंबातले पात्र सदस्य असे तीन भाग करणे सोपे आहे. अवघड असते ते प्रत्येक लाभाला त्याची अट चिकटवून ठेवणे.

‘मोतीबिंदू समाविष्ट’ एवढे लिहून भागत नाही. ही शस्त्रक्रिया ‘डे केअर’मध्ये मोडते, त्यामुळे चोवीस तास दाखल असण्याची अट तिला लागत नाही, पण अनेक योजनांत दर डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते. खोलीभाड्याची मर्यादा त्याहून फसवी. समजा, विमा तीन लाखांचा आहे आणि भाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे रोज 3,000 रुपये. रुग्णाने 6,000 रुपयांची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. प्रमाणशीर कपातीचे कलम असेल, तर डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्क मिळून 80,000 झाले असले तरी विमा त्यातले 40,000च मान्य करतो. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही. गोषवाऱ्यात हे कलम वगळले, तर बाकी सगळे असून नसल्यासारखे.

प्रतीक्षाकाळात गोंधळ होतो तो पुस्तिकेच्या रचनेमुळे. मागच्या पानांवर विमा कंपनीच्या सर्वसाधारण अटी छापलेल्या असतात: अपघात सोडून पहिले तीस दिवस दावा नाही, हर्निया-मोतीबिंदूसारख्या ठरावीक आजारांना सहसा दोन वर्षे आणि आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त छत्तीस महिने. ही शेवटची कमाल मर्यादा 2024 मध्ये अठ्ठेचाळीसवरून खाली आली. पण अनेक गट योजनांत हे तिन्ही काळ माफ असतात आणि ती माफी वेगळ्या तक्त्यात दिलेली असते. दोन्ही ठिकाणे वाचल्याशिवाय आकडा लिहू नये. कर्मचाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या टॉप-अपला ही माफी लागू असेलच असे नाही. आईचा मधुमेह मूळ योजनेत पहिल्या दिवसापासून धरला जातो आणि टॉप-अपमध्ये तीन वर्षे थांबावे लागते, असे होऊ शकते. त्यामुळे दोघांसाठी वेगळे रकाने हवेत.

कुटुंब म्हणजे सहसा पती किंवा पत्नी आणि ठरावीक वयापर्यंतची दोन मुले. आई-वडील आणि सासू-सासरे यांपैकी एकच जोडी निवडता येते. एका बाजूची आई आणि दुसऱ्या बाजूचे सासरे अशी सरमिसळ बहुतेक योजनांत चालत नाही. वर्षाच्या मधे नाव घालता येते ते मुख्यतः नव्या जोडीदाराचे आणि नवजात बाळाचे, तेही बहुधा तीस दिवसांत कळवले तरच. आई-वडिलांचे नाव नोंदणीत राहून गेले, तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावे लागते.