फोटोतली आठ रोपं

शेतीच्या औषधाच्या जाहिरातीत असा फोटो नेहमी दिसतो: डावीकडे औषध दिलेल्या कुंड्या, उजवीकडे न दिलेल्या. समजा, डावीकडची मिरचीची चारही रोपं जगली आहेत आणि उजवीकडच्या चारांतलं एकच. शंभर टक्के आणि पंचवीस टक्के! पाहणाऱ्याचा लगेच विश्वास बसतो. पण हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो का, आणि किती सहज?

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात याचं उत्तर चहाच्या आठ कपांवर समजावलं. कपात आधी दूध पडलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखण्याचा एका बाईंचा दावा होता. आठांतून चार कप निवडण्याच्या ७० रीती आहेत. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक.

हाच हिशेब कुंड्यांना लावू. औषध निरुपयोगी आहे असं धरा. मग ती तीन रोपं तशीही मरणारच होती, फक्त चिठ्ठ्या टाकताना ती कोणत्या बाजूला गेली एवढाच प्रश्न उरतो. आठांतून तीन निवडण्याच्या रीती ५६. तिन्ही उजवीकडेच येण्याच्या रीती ४. तिन्ही डावीकडे आली असती, तर तोही तेवढाच टोकाचा निकाल ठरला असता. म्हणून त्या ४ ही धरायच्या. ५६ पैकी ८, म्हणजे सातात एक. संशोधनात साधारणपणे विसात एक किंवा त्याहून कमी शक्यता असेल तरच निकालाची दखल घेतात.

इथे एक चूक वारंवार होते. अनेक जण सवयीने काय-वर्ग चाचणी लावतात. याच आकड्यांना ती सुमारे ०.०३ दाखवते आणि औषध ‘सिद्ध’ होतं! ती चाचणी मोठ्या संख्यांसाठीच्या अंदाजी सूत्रावर चालते. चार-चार कुंड्यांत ते सूत्र फसतं. आणि प्रत्येक बाजूला तीनच कुंड्या असतील, तर अगदी सहापैकी तीन जगून तीन मेली, तीही बरोबर दोन बाजूंना, तरी शक्यता दहात एकच्या खाली जात नाही. असा प्रयोग सुरू होण्याआधीच वाया गेलेला असतो.

सातात एक म्हणजे औषध निकामी, असं मात्र नाही. पुरावा अपुरा आहे, इतकंच. हेच प्रमाण ठेवून आठ-आठ कुंड्या घेतल्या आणि डावीकडे आठही, उजवीकडे दोनच जगली, तर शक्यता १४३ त एक इतकी खाली येते.

अर्थात हा सगळा हिशेब कुंड्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या असतील तरच खरा. उन्हातल्या कुंड्या एका बाजूला ठेवल्या, किंवा मेलेली रोपं फोटोच्या चौकटीबाहेर ठेवली, तर कोणतंही गणित ते पकडू शकत नाही. म्हणून असा फोटो दाखवणाऱ्याला आधी दोन गोष्टी विचारा: एकूण कुंड्या किती होत्या, आणि कोणत्या कुंडीला औषध द्यायचं हे कसं ठरवलं?