माल कोणाचा, भिजला कोणाचा?

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरलं की उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्या भेटू लागतात. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि या खाडीकाठाला गोदामांचा शेजार लाभला. गोदामात माल कुठे ठेवलाय, हे कुणीही दाखवतं. तो माल कोणाचा, असं विचारलं की मात्र कागद चाळावे लागतात.

आपल्या व्यापाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. झवेरी बाजारात माल ‘जांगड’ने देतात. पसंत पडला तर विकत घे, नाही तर परत कर; तोवर माल देणाऱ्याचाच. आज कारखान्यात ‘कन्साइनमेंट स्टॉक’ म्हणतात तो या जांगडीचा नातेवाईक. ‘व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी’ मात्र वेगळी गोष्ट आहे. तिच्यात साठा किती ठेवायचा आणि कधी भरायचा, हे पुरवठादार ठरवतो. १९८०च्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि वॉलमार्ट यांनी ही पद्धत गाजवली. पण साठा सांभाळणारा आणि साठ्याचा मालक एकच असेल असं नाही. माल फाटकातून आत येताच खरेदीदाराचा झाला, तरी भरण्याचं काम पुरवठादाराकडेच राहू शकतं. हे दोन करार एकाच कागदात कालवले की भांडणाची तयारी झालीच म्हणायची.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, खाडीलगतच्या एका कारखान्यात पुरवठादाराने प्रत्येकी ४०० रुपयांचे १,००० बेअरिंग ठेवले. करार असा की साठा ४००च्या खाली गेला की पुन्हा १,०००पर्यंत भरायचा आणि मालकी नग वापरायला काढला की बदलायची. महिन्यात ३०० नग निघाले, बिल झालं १,२०,००० रुपयांचं. रॅकवर ७०० असायला हवेत. मोजले तर ६४०. साठ नगांचे २४,००० रुपये कोणाचे?

१९३०चा मालविक्री कायदा सांगतो की वेगळं काही ठरलं नसेल तर जोखीम मालकीच्या मागे चालते. म्हणजे गहाळ नग पुरवठादाराचे. पण रॅकची किल्ली कारखान्याकडे असते. दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्यावर १८७२च्या करार कायद्याने सामान्य शहाणा माणूस आपल्या मालाची घेईल तितकी काळजी घेण्याची जबाबदारी टाकली आहे. म्हणून जाणते लोक करारात एकच ओळ घालतात: मोजणीतली तूट वापर समजून बिलात धरावी. ही ओळ नसली तर दर तिमाहीला तेच भांडण.

आता पाऊस. २६ जुलै २००५ या परिसरातला कोण विसरेल? समजा, तसंच पाणी शिरलं आणि खालच्या फळीवरचे १०० नग गंजले. कारखान्याने पुरेशी काळजी घेतली असेल तर ४०,००० रुपयांचा फटका मालकाचा. पण गोदामात पाणी भरतं हे ठाऊक असून माल जमिनीलगत ठेवला असेल, तर ती हयगय ठरू शकते आणि पारडं फिरतं. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. कारखान्याच्या पॉलिसीत ‘दुसऱ्याचा विश्वासाने ठेवलेला माल’ स्पष्ट लिहिलेला नसेल, तर दावा तिथेच अडू शकतो.

जीएसटीची मेख आणखी मजेशीर. पसंतीवर किंवा परतीच्या बोलीवर पाठवलेल्या मालाचं बिल विक्रीच्या वेळी, नाही तर माल निघाल्यापासून सहा महिन्यांत करावं लागतं. जे आधी येईल ते. सातव्या महिन्यातही रॅकवर पडून असलेल्या बेअरिंगवर कर भरलेला असतो आणि मालक मात्र पुरवठादारच! म्हणून संथ खपणारा माल या पद्धतीत ठेवणं मला शहाणपणाचं वाटत नाही. शिवाय प्रत्येक खेपेची तारीख वेगळी नोंदवली नसेल, तर सहा महिने कोणत्या नगाचे झाले हे सांगणार कोण?

खरी कसोटी कारखाना दिवाळखोरीत गेल्यावर लागते. २०१६च्या दिवाळखोरी संहितेनुसार कराराने ताब्यात ठेवलेला दुसऱ्याचा माल कर्जदाराच्या मालमत्तेत धरत नाहीत. पण पुरवठादाराला तो आपला असल्याचं दाखवावं लागतं. इथे मी सल्ला देतो तो एवढाच: कारखाना बँकेला दर महिन्याला जो साठ्याचा तक्ता देतो, तो आधीच मागून पाहा. त्यात आपले बेअरिंग कर्जासाठी तारण म्हणून धरलेले दिसले, तर रॅकवरचे आपल्या नावाचे फलक फारसे कामाचे नाहीत. बँक आपला हक्क सांगेल, पुरवठादार आपला, आणि मोजायला गेलेल्या माणसाला ६४०च नग सापडतील.