आग पिवळी का दिसते?

गेममधल्या रात्रीच्या दृश्यात एक शेकोटी पेटली आहे. ज्वाळा नारिंगी असायला हवी, पण पडद्यावर ती पिवळीधम्मक दिसते आणि तिच्या मधोमध एक सपाट पांढरा डाग आहे. एचडीआर चालू केल्यावर असं दिसलं की बहुतेक जण आधी रंगांच्या सेटिंग्जमध्ये हात घालतात. सॅच्युरेशन कमी कर, कलर टेम्परेचर बदल, काही जण तर ग्राफिक्स कार्डालाच दोष देतात. वास्तविक ही गडबड रंगाची नसतेच, ती उजेडाची असते.

पडद्याचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन दिव्यांनी बनतो. समजा गेमने त्या ज्वाळेसाठी लाल १६००, हिरवा ८०० आणि निळा १०० एवढा उजेड मागितला. लाल हिरव्याच्या दुप्पट आहे, म्हणून रंग नारिंगी. पण तुमचा पडदा प्रत्येक दिव्याला जास्तीत जास्त ८०० एवढंच देऊ शकत असेल, तर लाल ८०० वर कापला जातो. हिरवा आधीच ८०० वर आहे, त्याला काहीच होत नाही. आता लाल आणि हिरवा सारखे झाले, आणि सारखा लाल-हिरवा म्हणजे पिवळा. ज्वाळेच्या गाभ्यात निळ्याची मागणीही ८०० च्या पुढे असते, त्यामुळे तिथे तिन्ही दिवे एकाच उंचीवर कापले जाऊन पांढरा डाग उरतो. याला हायलाइट क्लिप होणं म्हणतात. म्हणजे तेजस्वी भागातले तपशील टिकवणं आणि तिथले रंग नैसर्गिक ठेवणं ही दोन वेगळी कामं नाहीत. कापाकापी थांबली की दोन्ही जागेवर येतात.

मुळात ही कापाकापी होते का? जुन्या, म्हणजे एसडीआर चित्रात सिग्नल फक्त 'पूर्ण उजेडाच्या इतके टक्के' एवढंच सांगतो. पूर्ण म्हणजे किती, ते पडदा आपल्या कुवतीप्रमाणे ठरवतो. एचडीआर१० मध्ये तसं नाही. त्यात वापरला जाणारा पीक्यू नावाचा वक्र थेट निटमध्ये बोलतो. निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. सिग्नल म्हणतो, या ठिपक्याला २०० निट, त्या ठिपक्याला १५०० निट. मोजपट्टी १०,००० निटपर्यंत जाते, आणि घरातले बहुतेक पडदे तिथवर पोचत नाहीत. त्यामुळे मागणी आणि कुवत यांतल्या फरकाचं काय करायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. नुसतं कापून टाकण्याऐवजी वरचा भाग हळूहळू दाबत कुवतीत बसवणं याला टोन मॅपिंग म्हणतात.

हे काम गेम करू शकतो आणि टीव्हीसुद्धा करू शकतो. दोघांनी मिळून केलं की घोटाळा होतो, कारण एकाच आमटीत दोघांनी मीठ टाकल्यासारखं ते होतं. गेमने आधीच ८०० निटमध्ये बसवलेलं चित्र टीव्ही पुन्हा दाबतो आणि हायलाइट मरगळतात. टीव्हीचं 'डायनॅमिक' टोन मॅपिंग चालू असेल तर उलटच होतं. तो प्रत्येक दृश्य पाहून सगळंच उजळवत बसतो, आणि मध्यरात्रीची गल्लीही संध्याकाळसारखी दिसू लागते. माझ्या मते हे काम गेमकडेच असावं. सूर्य कुठे आहे आणि भिंत कुठे आहे हे त्याला माहीत असतं, टीव्हीला फक्त ठिपके दिसतात.

यासाठीच गेम बनवणाऱ्या आणि टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून एचजीआयजी नावाचा गट केला. त्यांची सूचना सोपी आहे: टीव्हीने आपल्या कमाल उजेडापर्यंतचा सिग्नल जसाच्या तसा दाखवावा, त्याच्या पुढचा सरळ कापावा, आणि गेमने त्या मर्यादेच्या आतच राहावं. एलजीच्या ओएलईडी टीव्हीवर गेम मोडच्या टोन मॅपिंग मेन्यूत HGIG हा पर्याय असतो. पीसी जोडला असेल तर तोच निवडावा.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. एचजीआयजी मोडमध्ये साधारण ८०० निट देणारा ओएलईडी टीव्ही, विंडोज ११ चा पीसी आणि Cyberpunk 2077 हा गेम. निऑनच्या पाट्या, काळोख्या गल्ल्या आणि वाळवंटातलं ऊन, तिन्ही एकाच गेममध्ये मिळतात.

विंडोजमध्ये Settings > System > Display > HDR इथे Use HDR चालू करायचं. मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून Windows HDR Calibration हे फुकट मिळणारं अॅप घ्यायचं. खोलीत रोज खेळताना असतो तेवढाच उजेड ठेवून ते चालवायचं. अॅप एकामागून एक तीन नक्ष्या दाखवतं. पहिली सर्वात गडद छटेसाठी, दुसरी छोट्या भागातल्या कमाल उजेडासाठी, तिसरी पूर्ण पडदा उजळल्यावरच्या कमाल उजेडासाठी. प्रत्येक वेळी स्लायडर सरकवत न्यायचा आणि नक्षी पार्श्वभूमीत विरून दिसेनाशी झाली की तिथेच थांबायचं. नक्षी दिसेनाशी होते याचा अर्थ तिच्या चौकटी आणि पार्श्वभूमी पडद्याला सारख्याच वाटू लागल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या नक्षीत नेमका तोच कापाकापीचा बिंदू असतो.

इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या नक्षीत आकडा ८०० च्या आसपास थांबला तर सगळं ठीक. पण ८०० निटच्या टीव्हीवर २,००० किंवा ४,००० पर्यंत सरकवूनही नक्षी दिसतच राहिली, तर टीव्ही उजळ झालेला नाही. तो अजून स्वतःचं टोन मॅपिंग करतोय, वरचा भाग दाबून तुम्हाला दाखवतोय. तो मोठा आकडा पाहून खूश न होता टीव्हीच्या मेन्यूत परत जायचं आणि HGIG खरंच लागू झालं आहे का ते तपासायचं.

शेवटच्या पानावर रंगाच्या गडदपणाचा स्लायडर येतो. तो वाढवला की चित्र त्या क्षणी झकास वाटतं, आणि तासाभराने सगळ्या माणसांचे चेहरे उन्हाने भाजल्यासारखे दिसू लागतात. तो आहे तिथेच राहू द्यावा. टीव्हीचा व्हिव्हिड मोड आणि एनव्हिडियाचं डिजिटल व्हायब्रन्स यांनाही हेच लागू. डिजिटल व्हायब्रन्स ५० वर असणं म्हणजे काहीच न केल्यासारखं, आणि तेच हवं.

शेवटी अॅप एक कलर प्रोफाइल जतन करतं. विंडोजला पडद्याची कुवत आता त्यातून कळते, आणि अनेक नवे गेम विंडोजला विचारून आपला कमाल उजेड स्वतःच ठरवतात. पण सगळे तसं करत नाहीत, म्हणून गेममधला आकडा डोळ्यांनी बघितलेला बरा.

Cyberpunk 2077 मध्ये HDR10 PQ मोड निवडल्यावर Maximum Brightness ८०० ला न्यायचा. दुसरा स्लायडर Paper White चा, आणि खरी चूक होते ती इथे. हा आकडा सांगतो की साधा पांढरा कागद किंवा पांढरा शर्ट किती निटचा दिसावा. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हा संदर्भ २०३ निटचा आहे, त्यामुळे सुरुवात २०० पासून करावी. अंधाऱ्या खोलीत १५० किंवा १०० सुद्धा पुरतात. चित्र मंद वाटलं म्हणून कुणी हा ४०० केला तर? आधी कागद २०० वर आणि कमाल ८०० वर होती, म्हणजे निऑनची पाटी कागदाच्या चौपट तेजस्वी होऊ शकत होती. आता ती फक्त दुप्पट होऊ शकते. चित्र उजळ झालं, पण ज्या उठावासाठी एचडीआर घेतला तोच निम्म्यावर आला. चित्र मंद वाटण्याचं खरं कारण बहुधा खिडकीतून येणारं ऊन असतं. तिथे पडदा ओढणं हा स्लायडरपेक्षा चांगला उपाय आहे.

Tone Mapping Midpoint हा तिसरा स्लायडर मधल्या छटांचा उजेड वरखाली करतो. त्याला सगळ्यात शेवटी हात लावावा. या गेममध्ये काळा रंग पूर्ण काळा होत नाही, ही खेळाडूंची जुनी तक्रार आहे. तो दोष गेमच्या चित्रातच असल्यामुळे टीव्हीचा ब्लॅक लेव्हल ओढून तो झाकू नये, नाहीतर बाकीच्या सगळ्या गेममधल्या सावल्या बुजतील.

पारखायचं असेल तर दिवसा शहराबाहेर जाऊन सूर्याजवळचे ढग बघावेत. ढगाची कड सूर्याच्या बिंबापासून वेगळी दिसायला हवी. दोन्ही मिळून एकच पांढरा पट्टा झाला, तर गेमचा आकडा पडद्याच्या कुवतीपेक्षा जास्त आहे. याउलट सूर्य करडट आणि निस्तेज दिसला, तर आकडा कमी ठेवला गेला आहे. मग रात्री लाल निऑनच्या पाटीसमोर उभं राहायचं. तिची कड लाल आणि आतला भाग गुलाबी होत पांढऱ्याकडे झुकणं स्वाभाविक आहे, कारण बरेच गेम मुद्दाम तसं करतात. पण लालाच्या आत एकदम सपाट पिवळा ठिगळ दिसला, तर शेकोटीचीच गोष्ट पुन्हा घडते आहे.

डेस्कटॉप फिकट, धुरकट दिसतो ही तक्रार यापासून वेगळी काढायला हवी. एचडीआर चालू असताना विंडोज साध्या चित्रांच्या गडद छटा एसआरजीबी वक्राने काढतं. बहुतेक मॉनिटर एसडीआरमध्ये २.२ गॅमा पाळतात, त्यामुळे त्याच छटा त्यावर जास्त गडद दिसत असतात. एचडीआरमध्ये त्या किंचित वर उचलल्या जातात. डेस्कटॉपचा एकूण उजेड SDR content brightness ने जुळवता येतो. त्याच्या शून्याला ८० निट मिळतात आणि पुढे प्रत्येक पायरीला ४, म्हणजे २०० निटसाठी ३० वर ठेवायचा. सावल्यांचा फरक मात्र त्याने जात नाही. ज्या गेममध्ये स्वतःचा एचडीआर आहे, त्याच्या चित्राशी या स्लायडरचा संबंध नसतो.

हे सगळं करूनही काही पडद्यांवर पदरी निराशाच येते. खोक्यावर DisplayHDR 400 लिहिलेल्या अनेक एलसीडी मॉनिटरांत मागचा प्रकाश भागाभागाने मंद करण्याची सोय नसते, आणि त्या प्रमाणपत्राला ती लागतही नाही. एका कोपऱ्यातली पाटी ४०० निटने उजळायची तर शेजारच्या काळोखामागचा दिवाही तेवढाच पेटतो, आणि काळा करडा होतो. अशा मॉनिटरवर कॅलिब्रेशन कितीही नेमकं केलं तरी एसडीआरच चांगला दिसतो. Win+Alt+B दाबून दोन्ही आलटून पालटून बघावेत आणि जो बरा वाटेल तो ठेवावा.