सर्दीबरोबर डोळे आले तर

सर्दी झाली की डोळ्यांतून पाणी येतंच. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते आणि एरवी अश्रू तिथूनच वाहून जातात. सर्दीत नाकाचं अस्तर सुजतं, ही वाट तुंबते आणि पाणी गालावर ओघळतं. असे डोळे थोडे लालसर दिसले तरी खुपत नाहीत आणि नाक मोकळं झालं की आपोआप थांबतात. डोळे येणं वेगळं. सर्दी-घशाचा त्रास देणारा अ‍ॅडिनोव्हायरस बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणात शिरतो, तेव्हा डोळे येतात.

सातवीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. सोमवारी तिचा घसा खवखवतो, नाक गळायला लागतं. गुरुवारी उजवा डोळा लाल होतो आणि आत वाळू गेल्यासारखं खुपत राहतं. शुक्रवारी सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, पण पुसल्यावर दिवसभर येतं ते पाणीच, घट्ट पू नाही. कानाच्या पुढे बोट दाबलं तर एक छोटी दुखरी गाठ हाताला लागते. रविवारी डावा डोळाही येतो. आई-बाबांचा धीर सुटतो तो इथेच, कारण पहिले चार-पाच दिवस हा त्रास कमी न होता वाढतच जातो. पूर्ण बरं व्हायला दोन आठवडे लागतात, कधी तीनही.

याच दिवसांत कुणीतरी मेडिकलमधून ‘डोळे आल्याचे ड्रॉप्स’ घेऊन येतं, किंवा गेल्या वर्षीची उघडलेली बाटली कपाटातून बाहेर निघते. त्यात नुसतं अँटिबायोटिक असेल तर विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. खरी भीती आहे ती स्टेरॉइडची. बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल, तर डोळा तपासल्याशिवाय ते घालू नये. स्टेरॉइडने लाली एक-दोन दिवसांत उतरते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. पण तो संसर्ग नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीसचा निघाला, तर हेच थेंब बुबुळावरची जखम पसरवतात आणि मागे कायमचा डाग राहू शकतो. काही आठवडे चालू ठेवले तर डोळ्यातला दाबही वाढतो. दूध, मध, गुलाबपाणी यांतलंही काही डोळ्यात घालू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पापण्या पुसाव्यात आणि तो कापूस टाकून द्यावा. डोळे मिटून वर गार पाण्याची घडी ठेवावी, खुपत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत. एवढ्यावर भागतं.

मग डॉक्टरांकडे कधी जायचं? लाली किती आहे यावरून ते ठरवू नका. डोळा लालभडक असूनही आजार साधा असू शकतो आणि जेमतेम लाल डोळ्यात बुबुळावर जखम असू शकते. घरच्या घरी एक तपासणी करता येते. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर असेल तर एक डोळा झाकून तारखा वाचायला सांगा, मग दुसरा झाकून. चष्मा असेल तर तो लावूनच. चिपडामुळे अंधुक दिसत असेल, तर दोन-चार वेळा पापण्या मिटल्या की अक्षर स्वच्छ होतं. तरीही धूसरच राहिलं, तर संसर्ग बुबुळापर्यंत गेला असण्याची शंका घ्यावी. खुपणं आणि दुखणं यांतही फरक आहे. दुखण्यामुळे झोप लागत नसेल, खिडकीतला उजेड सहन न होऊन मूल उशीत तोंड खुपसत असेल, पापणीवर पाण्याचे फोड आले असतील किंवा घट्ट पिवळा-हिरवा पू पुसताक्षणी पुन्हा भरत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावं. दुखऱ्या लाल डोळ्यासोबत डोकेदुखी आणि उलट्या असतील आणि दिव्याभोवती वलयं दिसत असतील, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. अशा वेळी रात्र असली तरी थांबू नये.

दोन माणसांच्या बाबतीत तर वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. एक म्हणजे महिन्याच्या आतलं बाळ, कारण त्याला जन्माच्या वेळीच जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. दुसरी कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी व्यक्ती. लेन्सखाली वाढणारे जिवाणू एक-दोन दिवसांत बुबुळाला जखम करतात. म्हणून लेन्स लगेच काढावी, पण फेकू नये. डबीसकट डॉक्टरांकडे न्यावी, तपासणीला तिचा उपयोग होतो.

२०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा अनेकजण काळा चष्मा लावून फिरत होते. चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही, कारण नुसतं पाहिल्याने डोळे येत नाहीत. डोळा चोळलेला हात, टॉवेल, उशीचा अभ्रा, मोबाइल यांवरून विषाणू जातो आणि कोरड्या वस्तूंवरही तो कित्येक दिवस टिकतो. सॅनिटायझरची त्याच्यावर खात्री देता येत नाही, साबण-पाण्याने हात चोळून धुवावेत. डोळ्यांतून पाणी येतंय तोवर त्या मुलीला शाळेत पाठवू नये आणि तिचा टॉवेल वेगळा ठेवावा. लाली गेल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनी अक्षरं पुन्हा पुसट दिसू लागली किंवा दिवे फाकल्यासारखे वाटले, तर तिला पुन्हा दाखवावं. बुबुळावर बारीक पांढरे ठिपके उरले असतील, तर त्यांवर कधीकधी स्टेरॉइडचेच थेंब लागतात. ते किती द्यायचे आणि कसे कमी करत बंद करायचे, हे डोळा यंत्राखाली पाहूनच ठरवता येतं.