आवक क्रमांक मिळाला का?

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र 0 हेक्टर 81 आर आणि संगणकावरच्या उताऱ्यावर 0 हेक्टर 18 आर. नोंद भरताना आकडे उलटे पडले. शेतकऱ्याला हे बहुधा पीककर्जाच्या वेळी कळते, कारण तेव्हा उतारा नीट वाचला जातो. अशी लेखनातली चूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 खाली दुरुस्त होते. अर्ज तहसीलदारांकडे करायचा आणि त्याला एक पान पुरते. तरी असे अर्ज महिनोन्महिने पडून राहतात. पुष्कळदा कारण एवढेच असते, की आपला अर्ज कुठल्या टेबलावर आहे हे अर्जदाराला माहीत नसते आणि त्याच्या तोंडी माहितीवरून कारकुनाला तो सापडत नाही.

अर्जाचा नमुना असा धरू :

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, (तालुका)

विषय : मौजे (गाव) येथील गट क्र. 118 च्या संगणकीकृत सातबाऱ्यावरील क्षेत्र कलम 155 अन्वये दुरुस्त करणेबाबत.

महोदय,
वरील गट माझ्या नावे आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर त्याचे क्षेत्र 0 हे. 81 आर असून (सहपत्र 1) संगणकीकृत सातबाऱ्यावर ते 0 हे. 18 आर असे नोंदले गेले आहे (सहपत्र 2). ज्या फेरफाराने जमीन माझ्या नावे झाली त्यातही 81 आर हेच क्षेत्र आहे (सहपत्र 3). तरी सदर लेखनप्रमाद दुरुस्त करून मिळावा, ही विनंती.

खाली तारीख, सही, पूर्ण पत्ता, मोबाइल क्रमांक आणि सहपत्रांची यादी.

विषयाची ओळ सगळ्यात जपून लिहावी, कारण टपाल शाखेतला कारकून अर्ज सहसा तेवढाच वाचतो. त्या ओळीवरून तो आवक नोंदवहीत नोंद घेतो आणि अर्ज कोणत्या संकलनाकडे टाकायचा ते ठरवतो. ‘सातबाऱ्याबाबत’ एवढेच लिहिले तर अर्ज भलत्याच टेबलावर जाऊ शकतो. गाव, गट क्रमांक आणि काय हवे, या तीन गोष्टी त्या एका ओळीत आल्याच पाहिजेत. त्याच अर्जात वारसनोंदीची किंवा बांधाच्या वादाची गोष्ट घालू नये. दोन विषयांचा अर्ज दोन टेबलांमध्ये अडकतो, म्हणून दुसऱ्या कामासाठी दुसरा अर्ज द्यावा.

सहपत्रांच्या बाबतीत ‘सोबत आवश्यक कागदपत्रे जोडली आहेत’ हे वाक्य फार महागात पडते. पुढे एखादा उतारा गहाळ झाला, तर तो आपण दिलाच होता हे दाखवायला काही उरत नाही. म्हणून यादीत प्रत्येक कागदाचे नाव, तारीख आणि पानांची संख्या लिहावी, आणि त्या त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ‘सहपत्र 1’, ‘सहपत्र 2’ असे घालावे. हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल अभिलेख कक्षातून प्रमाणित करून घेतलेली असावी, कारण साऱ्या मागणीचा आधार तोच कागद आहे. मात्र अर्जाला तिची साक्षांकित झेरॉक्स जोडावी आणि मूळ प्रमाणित नक्कल पडताळणीला दाखवून परत आणावी.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कचेरीत राहते, दुसरीवर पोच घ्यायची. इथेच बहुतेकांची गफलत होते. शिक्का उमटतो, तारीख असते, सही असते, पण आवक क्रमांकाची जागा रिकामी राहते, कारण नोंदी संध्याकाळी एकदम चढवल्या जातात. शिक्का मिळाला की माणूस समाधानाने घरी येतो. दुसऱ्या दिवशी जाऊन तो क्रमांक मागून घ्यावा आणि आपल्या प्रतीवर लिहावा. समजा तो आवक क्र. 1432, दि. 09/06/2025 असा आहे. यापुढे कचेरीत आपल्या नावापेक्षा हा आकडा अधिक उपयोगी पडतो.

साधारण आठवड्याने संबंधित संकलनात जाऊन विचारावे, पण ‘माझे काम झाले का’ असे विचारू नये. आवक क्रमांक सांगून ‘यावर अहवाल मागवला का, आणि त्या पत्राचा जावक क्रमांक काय’ असे विचारावे. तहसीलदार सहसा अशा अर्जावर मंडळ अधिकारी आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) यांचा अहवाल मागवतात. पत्र गेले, की सहा गठ्ठा पद्धतीप्रमाणे प्रकरण ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठ्यात जाते. तो गठ्ठा उत्तर येईपर्यंत थांबलेल्या कागदांचा. खालून अहवाल आला नाही आणि वरून कोणी आठवण दिली नाही, तर प्रकरण तिथेच राहते आणि त्यात कोणा एकाचा दोष दाखवता येत नाही. या टप्प्यावर अर्जदाराने स्वतः लक्ष घातले नाही, तर अर्ज कितीही नेटका असला तरी उपयोग नाही.

म्हणून स्मरणपत्रात नुसते ‘अद्याप कार्यवाही झाली नाही’ लिहून भागत नाही. विषय शब्दशः तोच ठेवावा आणि त्याखाली लिहावे :

संदर्भ : 1) माझा अर्ज, आवक क्र. 1432, दि. 09/06/2025
2) आपले मंडळ अधिकारी यांना पत्र, जावक क्र. 876, दि. 16/06/2025

मजकूर दोन वाक्यांचा पुरे : संदर्भ 2 अन्वये मागवलेला अहवाल प्राप्त झाला किंवा कसे ते कळवावे, आणि प्राप्त नसल्यास मंडळ अधिकारी यांना स्मरण द्यावे. एक प्रत मंडळ अधिकाऱ्यांना माहितीसाठी द्यावी. स्मरणपत्रालाही वेगळा आवक क्रमांक घ्यावा, म्हणजे पुढच्या पत्रात तो संदर्भ 3 होतो. पहिल्या अर्जाची झेरॉक्स प्रत्येक वेळी जोडावी. नवा कारकून आला तरी त्याला सगळे एका ठिकाणी मिळते. कंटाळून नवाच अर्ज देणे मात्र टाळावे. नव्या क्रमांकाने दुसरे प्रकरण उभे राहते आणि आधीचे दिवस मोजलेच जात नाहीत.

पहिले स्मरणपत्र कधी द्यावे? महाराष्ट्रात शासकीय कामातील विलंबाला आळा घालणारा 2005 चा अधिनियम आहे. त्याच्या कलम 10 प्रमाणे एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या प्रकरणात पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हावा. आपल्या उदाहरणात ते दिवस 24 जुलैला भरतात. महिन्याच्या सुमारास पहिले स्मरणपत्र आणि पंचेचाळीस दिवसांनंतर, या कलमाचा उल्लेख करून, दुसरे, हा क्रम मला योग्य वाटतो. मात्र सहहिस्सेदारांना नोटीस आणि सुनावणी लागली, तर या मुदतीचा आग्रह टिकत नाही.

तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे तो द्यायचा आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. ‘काम का केले नाही’ हा प्रश्न माहितीत बसत नाही आणि फेटाळला जातो. त्याऐवजी आवक क्र. 1432 च्या कार्यविवरण नोंदवहीतील नोंदीची आणि प्रकरणातील टिप्पणीची प्रत मागावी. कागद कोणत्या तारखेला कोणाकडे होता, ते त्यातून दिसते.

आदेश हातात पडला की घाईने निश्चिंत होऊ नये. आदेशाने उतारा आपोआप बदलत नाही. त्यावरून फेरफार धरला जातो, तो मंडळ अधिकारी प्रमाणित करतात आणि मगच सातबारा दुरुस्त होतो. म्हणून आदेशाचा क्रमांक आणि तारीख संदर्भात टाकून फेरफार घेण्याची विनंती तलाठ्यांकडे लेखी द्यावी, त्याचीही पोच घ्यावी, आणि नवा सातबारा व आठ-अ दोन्ही काढून 81 आर आले का ते पाहावे.